फळांचा रस की अख्खे फळ? मल मऊ होण्यासाठी पेरू, पपई आणि नासपती

प्रश्न: माझे वय ५४ आहे. दोन-तीन दिवसांतून एकदा शौचाला होते आणि तेही कडक, खड्यांसारखे. रोज सकाळी मोठा ग्लास भरून संत्र्याचा ताजा, गाळलेला रस घेते, तरी फरक पडत नाही. कोणी पेरू खायला सांगते, कोणी पपई, कोणी नासपती. रस चालू ठेवू की अख्खी फळे खाऊ? आणि या तिन्हींत सर्वांत चांगले कोणते?

उत्तर:

संत्र्याचा रस थांबवा आणि त्याच वेळी एक पिकलेली नासपती सालीसकट खायला सुरुवात करा. माझ्या मते तुमच्यासाठी पहिला बदल एवढाच असावा. पेरू त्यानंतर, सवय होईल तसा वाढवत न्यावा. पपई चांगलीच आहे, पण तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये. हा क्रम सर्वांना लागू पडत नाही. दात कसे आहेत, पोट लगेच फुगते का, मधुमेह आहे का, कोणती औषधे चालू आहेत आणि मुळात आतड्याची हालचाल किती मंद आहे, यांवर तो बदलतो. त्यामुळे या क्रमामागचे कारण आधी समजून घेतलेत, तर स्वतःपुरता फेरफार तुम्हालाच करता येईल.

बहुतेक जण असे धरून चालतात की मल कडक होतो, म्हणजे शरीरात पाणी कमी पडते आणि रस प्यायला की ती कमतरता भरून निघते. प्रत्यक्षात प्यालेले पाणी आणि पचनसंस्थेने स्वतः सोडलेले पाचकरस मिळून लहान आतड्यात दिवसाला सुमारे ९ लिटर द्रव येतो. त्यातला मोठा भाग तिथेच शोषला जातो आणि मोठ्या आतड्याच्या तोंडाशी साधारण दीड लिटर पोहोचतो. मोठे आतडे त्यातलेही बहुतेक पाणी ओढून घेते, आणि शेवटी मलाबरोबर बाहेर पडते ते १०० ते २०० मिलिलिटर. एवढ्या मोठ्या उलाढालीत वरून ओतलेला एक ग्लास रस कुठल्या कुठे जिरून जातो. शरीराला जास्त झालेले पाणी लघवीवाटे निघून जाते, मलापर्यंत ते क्वचितच पोहोचते. फारच कमी पाणी पिणाऱ्या माणसाला पाणी वाढवल्याने नक्की फायदा होतो, पण पुरेसे पिणाऱ्याने आणखी दोन ग्लास घेतले म्हणून मल मऊ होत नाही.

म्हणून खरा प्रश्न असा, की मोठ्या आतड्यात पाणी धरून ठेवणारे काय पोहोचते? नीट तयार झालेल्या मलात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते आणि हे प्रमाण थोडे जरी घसरले तरी त्याचे खडे होऊ लागतात. ते पाणी धरून ठेवण्याची दोन साधने फळात असतात. पहिले साधन म्हणजे चोथा, अर्थात पेशींच्या भिंती, साल, बिया, रवाळ कण आणि पेक्टिनसारखे विरघळणारे तंतू. यातला काही भाग न पचता जसाच्या तसा पुढे जातो, तर काही भागावर तिथले जिवाणू वाढतात आणि त्या जिवाणूंमुळेही मलाचे आकारमान वाढते. दुसरे साधन म्हणजे लहान आतड्यात पुरत्या न शोषल्या जाणाऱ्या शर्करा. त्यांत मुख्य सॉर्बिटॉल, आणि ग्लुकोजपेक्षा जास्त प्रमाणात असलेले फ्रुक्टोज. या शर्करा स्वतः पुढे सरकतात आणि सोबत पाणी ओढून नेतात. चोथ्याचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, सॉर्बिटॉलचा काही तासांत किंवा दुसऱ्या सकाळी दिसतो. रस, अख्खे फळ आणि तिन्ही फळांमधला फरक या दोन साधनांच्या हिशेबातून आपोआप उलगडतो.

तुमचा संत्र्याचा रसच घ्या. एकदा गाळून झाल्यावर गाळणीत काय उरले ते बोटाने पसरून पाहा. फोडींच्या पातळ पापुद्र्यांचे तुकडे, पांढऱ्या धाग्यांचा गुंता आणि रस निघून चिपाड झालेल्या बारीक पिशव्या दिसतील. मोठ्या आतड्यापर्यंत जाणारा ऐवज तो होता आणि तो कचऱ्यात गेला. ग्लासात उतरले ते पाणी, आम्ल, जीवनसत्त्वे आणि २५० मिलिलिटरमागे सुमारे २० ग्रॅम साखर. संत्र्यात सॉर्बिटॉल जवळजवळ नसते आणि त्यातले ग्लुकोज व फ्रुक्टोज साधारण समतोल असल्यामुळे ती साखर वरच्या वर शोषली जाते. म्हणजे पाणी धरून ठेवणारी दोन्ही साधने तुमच्या ग्लासात नाहीत. तो रस वाईट आहे असे नाही, पण ज्या कामासाठी तुम्ही तो घेता ते काम त्याच्याकडून होण्यासारखे नाही.

याला अपवाद आहेत आणि त्यामुळेच सगळ्या रसांना एका मापाने मोजता येत नाही. नासपती, आलुबुखार आणि काही प्रमाणात सफरचंद यांच्या रसात सॉर्बिटॉल विरघळलेले असते. ते गाळणीत अडकत नाही, त्यामुळे हे रस गाळूनही मल मऊ करतात. ज्यांना चावता येत नाही, आजारपणात जेवण अगदी कमी झालेले आहे किंवा डॉक्टरांनी चोथा तात्पुरता वर्ज्य केला आहे, त्यांना मी नासपतीचा रस सुचवतो. लहान मुलांमध्येही बालरोगतज्ज्ञ याच कारणासाठी कधी कधी हे रस वापरतात. मात्र १ वर्षाखालच्या बाळाला तो स्वतःच्या मनाने देऊ नये आणि १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १२० मिलिलिटरच्या पुढे जाऊ नये. मोठ्यांसाठीही रसाची मर्यादा हीच, की त्यातून फक्त एक साधन मिळते. मल मऊ होतो, पण त्याचे आकारमान वाढत नाही. आकारमान नसले की आतड्याला ढकलण्यासाठी पुरेसा ताण मिळत नाही.

इथे एक फसवणूक सांगून ठेवतो. पेरूचा किंवा पपईचा रस दाट असतो, म्हणून त्यात भरपूर तंतू असतील असे वाटते. तो दाटपणा बराचसा पेक्टिनचा असतो. पेक्टिन उपयोगी आहे, पण मोठ्या आतड्यातले जिवाणू ते जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतात, त्यामुळे शेवटपर्यंत पाणी धरून ठेवण्याचे काम ते फारसे करत नाही. ते काम करणाऱ्या बिया, साल आणि रवाळ कण गाळणीतच राहिलेले असतात. फळ मिक्सरमधून काढून न गाळता घेतले तर चोथा टिकतो. दात नसलेल्यांना तो मार्ग बरा आहे. तरी चोथ्याचे कण जितके जाडसर राहतात तितका त्यांचा आतड्याच्या आतल्या अस्तरावर परिणाम जास्त होतो. म्हणून चावणे शक्य असेल तर मिक्सरला मध्ये आणू नये.

आता नासपती. मी तिला पहिला क्रमांक देतो, कारण तिच्यात दोन्ही साधने एकत्र आहेत. सालीसकट १०० ग्रॅममध्ये सुमारे ३ ग्रॅम तंतू आणि साधारण २ ग्रॅम सॉर्बिटॉल असते, शिवाय फ्रुक्टोज ग्लुकोजच्या दुपटीच्या आसपास असते. मध्यम आकाराचे फळ १८० ग्रॅमचे धरले, तर एका फळातून ५ ग्रॅमच्या पुढे तंतू आणि साडेतीन ग्रॅमच्या जवळपास सॉर्बिटॉल मिळते. खाताना दाताखाली जे वाळूसारखे कण कचकचतात ते दगडपेशींचे पुंजके असतात. त्यांच्या भिंती लाकडासारख्या कडक झालेल्या असतात आणि त्या पचत नाहीत. हे कण गाभ्याभोवती जास्त असतात, म्हणून फळ सोलून आणि मधला भाग मोठा कोरून खाल्ले, तर उपयोगाचाच भाग वाया जातो. बिया आणि कडक देठ काढावा, बाकी सगळे खावे. फळ फार टणक असेल तर थोड्या पाण्यात फोडी शिजवल्या तरी चालतात. मात्र सॉर्बिटॉल त्या पाण्यात उतरते, तेव्हा ते पाणी ओतून न देता प्यावे.

पेरूचे बळ वेगळे आहे. त्यात सॉर्बिटॉल नाही म्हटले तरी चालेल, पण तंतू १०० ग्रॅममध्ये ५ ग्रॅमच्या वर, काही जातींत त्याहूनही बरेच जास्त. आपण रोज खातो त्या फळांत एवढा चोथा क्वचितच सापडतो. त्याच्या गरातही नासपतीसारखेच दगडपेशींचे कण असतात आणि बिया तर न पचता जशाच्या तशा बाहेर पडतात. म्हणून ज्यांचा मल प्रमाणाने थोडा असतो, दोन-तीन दिवस शौचाची भावनाच होत नाही आणि ज्यांच्या एकूण आहारात चोथा कमी आहे, त्यांना पेरूचा फायदा सर्वांत जास्त होतो. पेरूने उलट पोट धरते असे सांगणारेही तुम्हाला भेटतील, आणि त्यांचा अनुभव खोटा नसतो. अर्धकच्च्या पेरूत तोंडाला तुरट लागणारी टॅनिन असतात, ती पिकताना कमी होतात. अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबणारा, वास सुटलेला पेरू घ्यावा. दुसरे कारण प्रमाणाचे. कमी तंतूंची सवय असलेल्या पोटात एकदम दोन मोठे पेरू गेले आणि आधीपासून कडक मल पुढे अडकलेला असला, तर मागून आकारमान वाढते, वाट मात्र मोकळी नसते. अशा वेळी पोट फुगते, दुखते आणि दोष पेरूला मिळतो. बिया बाधतात असे वाटणाऱ्यांनी मधला बियांचा गोळा काढून बाहेरचा गर सालीसकट खावा. चोथा कमी होईल, तरी उरलेलाही पुष्कळ असतो.

पपईची ख्याती मात्र तिच्या घटकांपेक्षा मोठी आहे. १०० ग्रॅममध्ये तंतू २ ग्रॅमच्या आतबाहेर, सॉर्बिटॉल नगण्य आणि शर्करा सहज शोषल्या जाणाऱ्या. पपेन या पाचकद्रव्याचे नाव नेहमी घेतले जाते, पण ते मुख्यतः कच्च्या फळाच्या चिकात असते, पिकलेल्या गरात फार थोडे उरते. मग पपईने अनेकांचे पोट साफ होते ते कसे? याचे उत्तर बहुधा प्रमाणात आहे. पेरू माणूस एक खातो, पपई मात्र ३०० ग्रॅम सहज संपते आणि तेवढ्यातून ५ ग्रॅमच्या जवळपास तंतू मिळतात. तेही अशा मऊ रूपात, की पोट सहसा तक्रार करत नाही. म्हणून वयस्क, कवळी वापरणारे आणि पेरू-नासपतीने गुबारा धरणारे लोक यांच्यासाठी पपई माझ्या यादीत वर जाते. तीन-चार छोट्या फोडी खाऊन परिणामाची वाट पाहणे मात्र व्यर्थ आहे.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा चालतो ते माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या उदाहरणाने सांगतो. वय ६१. सकाळी दोन ग्लास गाळलेला रस, दुपारी पपईच्या थोड्या फोडी आणि जेवणात भाजी कमी. शौच तीन दिवसांतून एकदा. ब्रिस्टल तक्ता नावाची मलाच्या आकाराची सात प्रकारांची चित्रे असतात. त्यांत पहिला प्रकार सुट्या कडक खड्यांचा आणि चौथा मऊ, गुळगुळीत, सलग मलाचा. त्यांनी बोट पहिल्या चित्रावर ठेवले. आहाराची बेरीज केली तर दिवसाचे तंतू १२ ग्रॅमच्या आसपास निघाले, म्हणजे प्रौढांसाठी सांगितल्या जाणाऱ्या किमान २५ ग्रॅमच्या निम्मेच. रस बंद करून सकाळी एक नासपती आणि संध्याकाळी एक मध्यम पेरू असे ठरले. त्या दोन्हींतून १२ ते १३ ग्रॅमची भर पडणार होती, पण ती टप्प्याटप्प्याने घालायची होती. बाईंनी उत्साहाने दोन्ही पहिल्याच दिवशी सुरू केले आणि चौथ्या दिवशी फोन आला, की पोट ढोलासारखे झाले आहे, मल मात्र तसाच. पेरू थांबवला आणि नासपती एकटी ठेवली. आधीपासून अडकलेल्या कडक मलासाठी त्यांच्या डॉक्टरांनी काही दिवस सौम्य रेचक दिले. वाट मोकळी झाल्यावर नासपतीने तक्त्यातला आकार तिसऱ्या प्रकारावर आला. मग पाव पेरूपासून सुरुवात करून दर तीन-चार दिवसांनी थोडा वाढवला. महिनाभराने शौच एक दिवसाआड आणि चौथ्या प्रकाराची होऊ लागली. पपई त्यांनी आवडीपुरती ठेवली.

तुमच्या बाबतीत मी याच उदाहरणातला नंतरचा क्रम पहिल्यापासून घेईन. पहिला आठवडा रस बंद आणि न्याहारीबरोबर एक नासपती, सालीसकट, सावकाश चावून. न्याहारीनंतर मोठे आतडे तसेही जागे होते, म्हणून त्यानंतर अर्ध्या तासात, भावना असो वा नसो, काही मिनिटे शौचाला बसावे. कुंथू मात्र नये. संत्रे आवडत असेल तर ते फोडींच्या पापुद्र्यांसकट खा. दुसऱ्या आठवड्यापासून दुपारी पाव किंवा अर्धा पेरू आणि पोट शांत राहिले तर तिसऱ्या आठवड्यात पूर्ण. या काळात दिवसभराचे पाणी कमी होऊ देऊ नका. मघाशी मी एकट्या पाण्याला कमी लेखले, पण चोथा वाढवल्यावर त्याला धरायला पाणी लागतेच. नासपती मिळत नसेल तर सुकवलेले आलुबुखार घ्यावेत. त्यांत सॉर्बिटॉल कितीतरी दाट असते, त्यामुळे चार-पाच नगांपासून सुरुवात पुरेशी आहे. बद्धकोष्ठतेवर झालेल्या चाचण्यांत या फळाची कामगिरी इसबगोलच्या तोडीची किंवा सरस ठरलेली आहे.

परिणाम ओळखताना किती वेळा शौचाला झाली यापेक्षा मलाचा आकार आणि लागलेला जोर पाहा. खडे एकमेकांना चिकटून सलग होऊ लागले, तर वारंवारता वाढली नसली तरी दिशा बरोबर आहे. मल पातळ आणि घाईचा होऊ लागला तर सॉर्बिटॉल तुमच्या आतड्याला जास्त होते आहे, नासपती अर्धी करा. मल मऊ झाला तरीही तासन्‌तास बसावे लागत असेल, अडकल्यासारखे किंवा पोट पूर्ण साफ न झाल्यासारखे वाटत असेल, तर अडचण बहुधा मलात नसून शौचाच्या वेळी सैल पडायला हव्या त्या स्नायूंमध्ये आहे. त्यावर कोणतेही फळ उपाय नाही, त्यासाठी वेगळी तपासणी आणि स्नायूंचे प्रशिक्षण असते. याउलट चोथा वाढवल्यावर तीन-चार आठवड्यांनीही फक्त फुगारा वाढला आणि मल उतरतच नसेल, तर आतड्याची गतीच मंद असण्याची शक्यता आहे. अशा वेळी पेरू आणखी वाढवणे म्हणजे त्रास वाढवणे.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, पण त्यांवर बरेच अवलंबून आहे. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, रक्तदाबाची काही औषधे आणि तीव्र वेदनाशामके यांमुळे मल कडक होतो. यांतले काही नुकतेच सुरू झाले असेल, तर आधी औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोला, गोळी स्वतः बंद करू नका. मधुमेह असेल तर अख्खी नासपती आणि पेरू चालण्यासारखे आहेत, रस मात्र रोजचा नकोच. मूत्रपिंडाचा विकार असेल तर पेरूतले पोटॅशियम लक्षात घेऊन आहार ठरवावा लागतो. आतडे संवेदनशील असल्याचे निदान झालेले असेल, तर नासपतीने वेदना वाढू शकतात. तेव्हा पपई आधी करून पाहावी.

आणि हा त्रास तुम्हाला वर्षानुवर्षे आहे की अलीकडेच सुरू झाला, हेही कळवा. पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, मलात रक्त दिसत असेल, वजन विनाकारण उतरत असेल किंवा रक्तक्षय निघाला असेल, तर फळांचा प्रयोग बाजूला ठेवून आधी पोटविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. पोट ताठ फुगून उलट्या होत असतील आणि वायूसुद्धा सरत नसेल, तर कोणतेही फळ किंवा रेचक न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.